खुला प्रश्न विचारूनही वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो आणि चर्चा तिथेच थांबते

ऐंशी-नव्वद मुलांच्या वर्गात गटचर्चा घेणाऱ्या प्रत्येकाला हे लक्षण ओळखीचं असेल. आपण प्रश्न टाकतो आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एका सुरात उत्तर येतं, ‘होऽऽ’. पुढचा प्रश्न, पुन्हा ‘होऽऽ’. मध्येच एखादा ‘नाहीऽऽ’. पाच मिनिटांत चर्चेचं सगळं बोलून झालेलं असतं आणि बोललेलो असतो फक्त आपण. दुसऱ्या दिवशी विषय बदलून पाहतो, गट बदलून पाहतो, तरी तेच.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, हो-नाहीचे प्रश्न टाळा आणि खुले प्रश्न विचारा. सल्ला बरोबर आहे. पण मी तो दोन वर्षं मनापासून पाळत होतो आणि वर्ग तसाच होता. माझ्या टाचणवहीतले प्रश्न खुलेच असायचे. बिघाड वहीत नव्हताच. प्रश्न विचारून झाल्यावरच्या दोन-तीन सेकंदांत तो व्हायचा, आणि स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून या लेखात फक्त त्या दोन-तीन सेकंदांबद्दल आणि त्यांच्या आसपास काय करायचं याबद्दल लिहितो आहे.

आधी स्वतःला ऐका

मुलांना सांगून फोन टेबलावर ठेवा आणि चर्चेची पहिली दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मुलांचं बोलणं तपासायचं नाही, फक्त आपलं तपासायचं. नंतर आपला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा कागदावर उतरवा. तो सुधारून लिहायचा मोह होतो, पण ‘ना’, ‘म्हणजे’, ‘बघा’ यांतलं काहीही गाळू नका. मग प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहा : ज्याने धडा ऐकलेलाच नाही, त्याला नुसत्या माझ्या सुरावरून याचं उत्तर देता आलं असतं की नाही.

माझ्या कागदावरचा एक नमुना देतो. विषय होता झाडाचं वजन : तोललेल्या मातीत लावलेलं रोप वाढून मोठं झाड होतं, पण माती जवळजवळ तेवढीच राहते. वहीतला प्रश्न पाच-सहा शब्दांचा होता, ‘झाडाचं वजन नेमकं कुठून येतं?’ वर्गात माझ्या तोंडून निघालं ते असं :

‘झाडाचं वजन नेमकं कुठून येतं?... म्हणजे बघा, मातीतून येतं का? नाही ना? माती तर जवळजवळ तेवढीच राहिली. मग पाण्यातून आलं असणार, हो की नाही?’

‘होऽऽ’.

एका दमात चार प्रश्न. पहिला खुला होता, पण त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, कारण मी ते देऊच दिलं नाही. मुलं नेहमी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतात. तो सर्वांत सोपा असतो आणि त्याचं उत्तर त्याच्या पोटातच असतं. या जोडप्रश्नांना मी शेपूट म्हणतो.

त्या दिवशी ‘हो’ म्हणून झाल्यावर मी सगळ्यांना अर्ध्या कागदावर एक वाक्य लिहायला लावलं, वाढलेलं वजन कुठून आलं. चिठ्ठ्या गोळा केल्या. आत्ताच एका सुरात ‘पाणी’ मान्य करणाऱ्या वर्गातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर ‘मातीतून’ असं लिहिलेलं होतं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘मातीतून. पण सर पाणी म्हणाले.’ ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे, कारण सामूहिक ‘हो’चा अर्थ तिने मला पाच शब्दांत सांगितला. तुमच्या वर्गात हा दोष आहे की नाही हे पाहायची सर्वांत भरवशाची तपासणीही हीच. सुरात उत्तर आलं की लगेच एक ओळ लिहून घ्या. सूर आणि चिठ्ठ्या जुळत नसतील तर चर्चा झालेलीच नाही.

शेपूट का फुटतं

अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हाच विराम तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि न विचारताही मुलं बोलू लागतात. मूल उत्तर देऊन थांबल्यावरचा दुसरा विरामही तितकाच कामाचा असतो, हेही त्यांनी नोंदवलं होतं.

मोठ्या वर्गात तीन सेकंद फार मोठे वाटतात. नव्वद चेहरे आपल्याकडे बघत असतात, मागून बाक सरकल्याचा आवाज येतो, आणि वर्ग हातातून निसटेल अशी भीती वाटते. म्हणून आपण शांतता भरून काढतो. शेपूट मुलांच्या मदतीसाठी जोडलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते आपल्या अस्वस्थतेसाठी असतं. हे मान्य केल्याशिवाय पुढची कोणतीही युक्ती टिकत नाही.

मराठीत या शेपटाचे काही ठरलेले नमुने आहेत. ‘ना’, ‘हो की नाही’ आणि ‘बरोबर?’ हे सहज सापडतात. दुसरा नमुना गाळलेल्या जागेचा. ‘पानांत जे असतं त्याला म्हणतात हरित...?’ असं म्हणून आपण सूर वर नेऊन थांबतो, वर्ग ‘द्रव्यऽऽ’ म्हणतो आणि सगळे सहभागी झाले असं वाटतं. तिसरा नमुना ‘का’च्या जागेचा, आणि याच्याकडे जरा बारकाईने बघायला हवं. ‘वजन वाढलं का?’ हा हो-नाहीचा प्रश्न. ‘का’ क्रियापदाच्या आधी नेला की ‘वजन का वाढलं?’ होतो आणि कारण मागतो. त्यामुळे वाटतं की ‘का’ सरकवला म्हणजे काम झालं.

पण तसं होत नाही. ‘वजन पाण्यामुळे का वाढलं?’ हा व्याकरणाने खुला प्रश्न आहे आणि तरीही तो उत्तर तोंडात घालतो. पाण्यामुळे वाढलं हे आपण आधीच ठरवून टाकलं आहे, मुलांनी फक्त कारण जुळवायचं आहे. हो-नाहीच्या प्रश्नापेक्षा हा जास्त फसवा, कारण उत्तरं लांबलचक येतात आणि चर्चा रंगली असं वाटतं. गृहीतक कुठल्याशा एका शब्दातही लपतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिती दाखवून वेग विचारला. काहींना गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाच्या जोरकस क्रियापदाने विचारलं, काहींना एकमेकींना ‘लागल्या’ अशा सौम्य क्रियापदाने. पहिल्या गटाने सरासरी वेग ताशी ४१ मैलांच्या आसपास सांगितला, दुसऱ्याने ३२च्या आसपास. फिती त्याच होत्या. वर्गात आपण ‘माती जेमतेम कमी झाली’ म्हणतो तेव्हा तो ‘जेमतेम’ही हेच काम करतो.

म्हणून प्रश्न तपासताना मी दोनच गोष्टी बघतो. याचं उत्तर एका शब्दात देऊन सुटता येतं का, आणि माझ्या प्रश्नात असं काही विधान आहे का ज्यावरच खरं तर चर्चा व्हायला हवी.

दुरुस्ती : तोच धडा पुन्हा

पुढच्या वर्षी तोच विषय मी असा घेतला. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट याचा विलोच्या झाडाचा प्रयोग फळ्यावर मांडला. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८मध्ये छापला गेला. वाळवलेली २०० पौंड माती, त्यात ५ पौंडांचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. शेवटी झाड १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस, माती पुन्हा वाळवून तोलली तर सुमारे २ औंसांनी कमी. इथे मी थांबलो. फान हेल्मोंटने यावरून काय निष्कर्ष काढला ते सांगितलं नाही. त्याचा निष्कर्ष ‘पाणी’ हा होता, आणि तो सांगितला असता तर तोच मोठा सूचक प्रश्न झाला असता.

मग प्रश्न. पहिला मसुदा होता, ‘माती संपली नाही तर वजन कुठून आलं?’ यात माती आधीच बाद केलेली आहे. दुसरा होता, ‘या प्रयोगाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ हा इतका मोकळा आहे की मुलाला पकडायला काहीच मिळत नाही. खुल्या प्रश्नांवर वर्ग गप्प बसतो अशी तक्रार येते ती बरेचदा अशाच प्रश्नांमुळे. शेवटी हा ठेवला :

‘झाडात १६४ पौंडांहून जास्त भर पडली. ती कशाची असेल? फळ्यावरच्या कोणत्या आकड्यावरून तुम्ही तसं म्हणता?’

दुसऱ्या वाक्यामुळे प्रश्न मोकळाही राहतो आणि हाताला धरायला आकडेही मिळतात. हा प्रश्न मी बोललो नाही, फळ्यावर लिहिला. फळ्यावरच्या प्रश्नाला शेपूट फुटत नाही. लिहून झाल्यावर खडू ठेवला, एक मिनिट सगळ्यांनी वहीत लिहायचं एवढंच सांगितलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मुलांसमोर उभं राहिलो की मला बोलावंसं वाटतं, म्हणून ही जागा ठरवून घेतली. हातात काही काम असलं, अगदी हजेरीचा कागद असला, तरी ते मिनिट सोपं जातं.

मिनिट संपल्यावर बोटांनी मत घेतलं. एक म्हणजे माती, दोन पाणी, तीन हवा, चार ऊन, पाच म्हणजे यापेक्षा वेगळं किंवा एकाहून जास्त. बोटं छातीजवळ धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि आपल्याला पुढून दिसतात. पाचवा पर्याय विसरू नका. तो नसेल तर पर्यायांची यादीच सूचक होते. माझ्या वर्गात दोन बोटं सर्वांत जास्त होती, एक आणि चार त्याखालोखाल, तीन अगदी तुरळक. मी संख्या सांगितली नाही. सांगितली की मुलं गर्दीकडे सरकतात. ‘वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा आणि तीन मिनिटं एकमेकांना पटवा’ एवढंच म्हटलं. नंतर पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून चार-चारचे गट केले.

मतदानाचा आणखी एक उपयोग आहे. जवळजवळ सगळ्यांची बोटं सारखीच आली तर चर्चा घेऊ नका, प्रश्न फार सोपा आहे किंवा विषय कुणालाच ठाऊक नाही. हार्वर्डचे एरिक माझूर आपल्या मोठ्या वर्गांत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असली की मुलांना आपसांत बोलायला लावत. आमच्याकडे ‘हवा’ त्याहून खूपच खाली होती, तरी मी चर्चा घेतली. इथे ‘पाणी’ हे उत्तरही पूर्ण चुकीचं नाही. ओल्या लाकडात पाण्याचं वजन बरंच असतं, आणि झाडाच्या वाळलेल्या वजनातही पाण्यातला हायड्रोजन असतो. मुख्य भर मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची.

गटाजवळ गेल्यावर

माझी सर्वांत जास्त घसरण इथे होते. मोठ्या वर्गात वीस गट असतात, प्रत्येकाला मिळतं अर्धं मिनिट, आणि घाईत तोंडून निघतं, ‘झालं का? समजलं ना? काही अडचण नाही ना?’ उत्तरं येतात ‘हो सर’, ‘नाही सर’ आणि आपण पुढे जातो. ही वाक्यं मी पूर्ण सोडली. त्याऐवजी प्रश्नच विचारत नाही, सांगतो, ‘लिहिलंय ते वाचून दाखवा.’ यावर ‘हो सर’ म्हणून सुटता येत नाही.

एका गटाने वाचलं, ‘वजन उन्हातून आलं.’

माझ्या ओठांवर आलं होतं, ‘पण उन्हाला वजन असतं का?’ एकच वाक्य, पण त्यात सगळे दोष. उत्तर ‘नाही’ हे उघड, आणि ऐकताक्षणी गट ‘ऊन’ खोडून दुसरं काहीतरी लिहिणार, विचार न करता. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि म्हटलं, ‘ऊन झाडात गेल्यावर पुढे काय काय होतं, ते एकेक पायरी करून सांगा.’

थोडी चुळबुळ झाली. मग एक मुलगा म्हणाला, ‘उन्हामुळे पान अन्न तयार करतं.’ मी काहीच बोललो नाही. दुसरी म्हणाली, ‘अन्न तयार करायला ऊन लागतं, पण अन्न कशाचं तयार करतं?’ हा प्रश्न माझ्याकडून आला असता तर तो सूचक ठरला असता. तो तिच्याकडून आला. मी तिथून निघालो, कारण आता मी थांबलो असतो तर उत्तर माझ्याकडे बघून दिलं गेलं असतं.

उत्तर आल्यावरचे सूचक इशारे

प्रश्न निर्दोष असला तरी चेहरा आणि पुढचा शब्द उत्तर सांगून टाकतात. मी बरोबर उत्तरावर ‘छान!’ म्हणायचो आणि चुकीच्या उत्तरावर ‘नक्की?’ विचारायचो. मुलं हे आठवडाभरात शिकतात. ‘नक्की?’ ऐकलं की उत्तर बदलायचं, कारण काहीही असो. आता ‘कशावरून?’ हे एकच विचारतो, बरोबर उत्तरालाही आणि चुकीच्यालाही, त्याच सुरात. सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला बरोबर उत्तर दिलेली मुलंही गडबडून उत्तर मागे घेतात, कारण त्यांना जुना इशारा आठवतो. तेव्हा आधीच सांगून टाकावं की हा प्रश्न सगळ्यांना विचारला जाणार आहे.

मोठ्या वर्गाची खास अडचण म्हणजे पुढच्या मुलाचं बोलणं मागे ऐकू जात नाही, म्हणून आपण ते मोठ्याने पुन्हा सांगतो. सांगताना ते नकळत दुरुस्त होतं. मुलगी म्हणते, ‘हवेतलं काहीतरी चिकटत असेल’, आणि आपण म्हणतो, ‘ती म्हणते की झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं.’ तिने असं म्हटलेलंच नाही. आपण तिच्या तोंडून आपलं उत्तर वदवलं आणि बाकीच्यांना ते बरोबर असल्याची खूण दिली. म्हणून मी पुन्हा सांगायचं काम मधल्या रांगेतल्या कुणाला तरी देतो, ‘ती काय म्हणाली ते तुझ्या मागच्यांना सांग.’ यात वेळ जातो, गोंगाट वाढतो, पण मुलं एकमेकांचं ऐकू लागतात, कारण कधीही आपल्याला सांगावं लागेल हे त्यांना माहीत असतं.

त्या दिवशी सर्वांना मिळून ऐकताना मागून एकाने विचारलं, ‘सर, झाड ओलं तोललं की वाळवून?’ माती वाळवून तोलली होती, झाड नाही, हे वर्गाच्या लक्षात आलं आणि पाण्याच्या बाजूचे आणि हवेच्या बाजूचे खरोखर भांडू लागले. आणखी एकीने गळलेल्या पानांचं काय केलं ते विचारलं. फान हेल्मोंटने चार शरद ऋतूंत गळलेली पानं मोजली नव्हती, आणि तसं त्याने स्वतःच लिहिलं आहे. आदल्या वर्षी माझ्या ‘हो की नाही?’ने हे दोन्ही प्रश्न कधी जन्मालाच आले नव्हते.

हो-नाही कुठे चालतं

‘शेवटच्या बाकापर्यंत आवाज येतोय का?’ हा हो-नाहीचाच प्रश्न असायला हवा. सूचना समजली की नाही हे मात्र तसं विचारू नका, एखाद्याला सूचना परत सांगायला लावा. हो-नाहीने चर्चा सुरूही करता येते, पण उत्तर लिहून किंवा बोटांनी घ्यायचं, तोंडी नाही, आणि दोन्ही बाजूंना ‘कशावरून?’ विचारायचं. ज्या मुलाला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते त्याला पहिल्यांदा बोलतं करायलाही मी साधा हो-नाहीचा प्रश्न विचारतो. त्याच्यासाठी ती पहिली पायरी आहे, आणि तिथे खुल्या प्रश्नाचा हट्ट धरणं चुकीचं आहे.

ज्याचं एकच ठरलेलं उत्तर आहे, उदाहरणार्थ एखादी व्याख्या किंवा एकक, त्यावर चर्चा घेऊ नका. ते सरळ सांगून टाका. मुलांना माहीत असतं की उत्तर तुमच्या खिशात आहे, आणि मग प्रत्येक प्रश्न हा खिशातलं ओळखायचा खेळ होतो.

एवढं करूनही परत तसंच झालं तर

रेकॉर्डिंग पुन्हा ऐका, पण यावेळी पहिली दहा मिनिटं नाही, शेवटची पाच. माझ्या बाबतीत शेपूट आता तिथेच सापडतं. घंटा जवळ आली की मला चर्चा गुंडाळायची घाई होते आणि ‘म्हणजे थोडक्यात हवेतूनच, ना?’ असं निघून जातं. अशा चर्चेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून एका तासात असा एकच प्रश्न ठेवतो. वेळ संपला तर निष्कर्ष न काढता मुलांना वहीत एक ओळ लिहायला लावतो, ‘आत्ता माझं मत हे आहे, आणि हे मोजून पाहिलं तर ते बदलेल.’ प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तास त्या चौकटीपासून सुरू करतो.